चाचणी पॉझिटिव्ह आली, मग आजार असण्याची संभाव्यता किती? सशर्त संभाव्यतेचं उदाहरण टप्प्याटप्प्याने

आधी उदाहरण वाचा. बाकीचा सगळा लेख याच्यावरच आहे.

> लक्षणं नसलेल्या लोकांच्या एका गटाची एका आजारासाठी स्क्रीनिंग चाचणी होते. गटातल्या २% लोकांना तो आजार आहे. आजार असलेल्यांपैकी ८५% लोकांची चाचणी पॉझिटिव्ह येते. आजार नसलेल्यांपैकी ९४% लोकांची चाचणी निगेटिव्ह येते. गटातल्या एका व्यक्तीची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. तिला आजार असण्याची संभाव्यता किती?

उत्तर २२.४% आहे. उत्तरपत्रिकांत मात्र ८५%, ९४%, ९३.४%, १.७% आणि २८.९% ही पाच उत्तरं पुन्हा पुन्हा भेटतात. गुणाकार-भागाकार चुकल्यामुळे यातलं एकही येत नाही. सूत्र पाठ असतं, आकडेही बरोबर उतरवलेले असतात. आपण नेमक्या कुठल्या गटात मोजतो आहोत, हे ठरवण्याआधीच आकडेमोड सुरू होते आणि घोळ तिथेच होतो. म्हणून खालचा क्रम बदलू नका. सूत्र चौथ्या टप्प्यावर येतं, त्याआधी नाही.

## टप्पा १: प्रत्येक आकडा कुठल्या गटातला, ते लिहून काढा

चिन्हं ठरवून घ्या. D म्हणजे आजार आहे, D′ म्हणजे आजार नाही. T+ म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह, T− म्हणजे निगेटिव्ह.

आता उदाहरणातला एकेक आकडा घ्या आणि विचारा: हे शेकडा प्रमाण कोणाच्या शंभरातलं आहे? संभाव्यता लिहिताना तो गट उभ्या रेषेच्या उजवीकडे जातो. 'आजार असलेल्यांपैकी ८५%' यात शंभर माणसं आजार असलेली आहेत, म्हणून D उजवीकडे.

- P(D) = ०.०२. हे प्रमाण सगळ्या गटातलं आहे, म्हणून रेषा नाही. याला प्रिव्हेलन्स म्हणतात.
- P(T+ | D) = ०.८५. ही चाचणीची संवेदनशीलता.
- P(T− | D′) = ०.९४. ही चाचणीची विशिष्टता.
- विचारलं आहे ते: P(D | T+).

शेवटची ओळ दुसऱ्या ओळीशी ताडून बघा. अक्षरं तीच आहेत, फक्त रेषेच्या बाजू बदलल्या आहेत. ८५% हा आकडा आजारी लोकांच्या गटात मोजला आहे. आपल्याला उत्तर हवं आहे ते पॉझिटिव्ह आलेल्यांच्या गटात. हे दोन गट वेगळे आहेत, आणि पुढचं सगळं काम एका गटातून दुसऱ्या गटात जाण्याचं आहे.

दिलेल्या आकड्यांचे पूरकही इथेच काढून ठेवा. P(T− | D) = ०.१५ आणि P(T+ | D′) = ०.०६. पूरक काढताना रेषेच्या उजवीकडचं अक्षर बदलत नाही. १ − P(T+ | D) म्हणजे P(T− | D). त्याला P(T+ | D′) समजण्याची चूक फार होते. एकाच गटातल्या दोन शक्यतांची बेरीज १ येते. दोन वेगळ्या गटांतल्या आकड्यांची बेरीज १ यावी असं काहीही कारण नाही. इथे ०.८५ + ०.०६ = ०.९१ आहे, आणि त्यात काही चुकलेलं नाही.

सावधान: प्रश्नात नुसतं 'फॉल्स पॉझिटिव्हचं प्रमाण' असं लिहिलं असेल तर थांबा. त्याचे तीन अर्थ होऊ शकतात: निरोगी लोकांतले किती जण पॉझिटिव्ह आले, पॉझिटिव्ह आलेल्यांतले किती जण निरोगी निघाले, किंवा सगळ्या गटात निरोगी असूनही पॉझिटिव्ह आलेले किती. आपल्या उदाहरणात हे आकडे अनुक्रमे ६%, ७७.६% आणि ५.८८% येतात. संख्याशास्त्राच्या पुस्तकांत बहुतेक वेळा पहिला अर्थ असतो, पण प्रश्नाची भाषा वाचूनच खात्री करा.

## टप्पा २: दहा हजार माणसं घ्या आणि आधी आजारावरून विभागा

संभाव्यता बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. १०० माणसं घेतली तर मधे अपूर्णांक येतात, म्हणून १०,०००.

पहिली विभागणी आजारावरून करायची. आपल्याकडे P(D) आहे, पण P(T+) नाही. शिवाय चाचणीचे दोन्ही आकडे आजाराच्या अटीवर दिलेले आहेत, त्यामुळे आजाराचे दोन गट झाल्याशिवाय ते लावता येत नाहीत. आधी पॉझिटिव्ह-निगेटिव्हची फांदी काढायला गेलात, तर पहिल्याच फांदीवर लिहायला आकडा सापडणार नाही.

१. १०,००० चे २% म्हणजे २०० जणांना आजार आहे. उरलेल्या ९,८०० जणांना नाही.

२. २०० चे ८५% म्हणजे १७० पॉझिटिव्ह. उरलेले ३० आजार असूनही निगेटिव्ह.

३. ९,८०० चे ९४% म्हणजे ९,२१२ निगेटिव्ह. उरलेले ५८८ आजार नसूनही पॉझिटिव्ह.

इथे जरा थांबा. चुकून पॉझिटिव्ह आलेले ५८८, खरे पॉझिटिव्ह १७०. निरोगी माणसांत चाचणी फक्त ६% वेळा चुकते, पण ते ६% फार मोठ्या गटाचे आहेत. आजारी लोकांत ती ८५% वेळा बरोबर येते, पण तो गटच २०० जणांचा आहे. उत्तर इतकं कमी का येतं, त्याचं पूर्ण कारण या दोन आकड्यांत आहे.

## टप्पा ३: कोष्टक भरा आणि योग्य ओळ वाचा

| | आजार आहे | आजार नाही | एकूण |
|---|---|---|---|
| पॉझिटिव्ह | १७० | ५८८ | ७५८ |
| निगेटिव्ह | ३० | ९,२१२ | ९,२४२ |
| एकूण | २०० | ९,८०० | १०,००० |

तपासणी: शेवटच्या ओळीतून आणि शेवटच्या स्तंभातून, दोन्हीकडून बेरीज १०,००० यायला हवी. नाही आली तर पुढे जाऊ नका.

चाचणी पॉझिटिव्ह आली हे कळलं की बाकीचे ९,२४२ जण विचारातून बाहेर जातात. आपला नमुना अवकाश आता फक्त वरची ओळ आहे, ७५८ जणांची. त्यातल्या १७० जणांना आजार आहे.

P(D | T+) = १७० / ७५८ = ०.२२४३

उभ्या रेषेचा अर्थ एवढाच: उजवीकडची घटना घडलेल्यांचा गट हाच आता संपूर्ण गट मानायचा. कोष्टकात संवेदनशीलता स्तंभातून खाली वाचायची असते (१७० / २००), आणि आपलं उत्तर ओळीतून आडवं (१७० / ७५८). अंश एकच आहे, छेद वेगळा. यावरून हेही कळतं की ही दोन्ही उत्तरं सारखी केव्हा येतील: २०० च्या जागी आणि ७५८ च्या जागी एकच आकडा असेल तेव्हा, म्हणजे P(D) = P(T+) असेल तेव्हा. या चाचणीसाठी तसं होण्यास प्रिव्हेलन्स सुमारे २८.६% लागेल. अंशच शून्य असेल तर अर्थात दोन्ही शून्य. एरवी ती वेगळीच येणार.

निगेटिव्ह ओळही वाचून टाका: P(D′ | T−) = ९,२१२ / ९,२४२ = ०.९९६८. या गटात निगेटिव्ह निकाल बराच भरवशाचा आहे आणि पॉझिटिव्ह निकाल तितका नाही. 'चाचणी चांगली की वाईट' असं एका शब्दात विचारलं की हा फरक दिसेनासा होतो.

## टप्पा ४: आता सूत्र लिहा

कोष्टकातल्या प्रत्येक आकड्याला १०,००० ने भागा, की बेजचं सूत्र समोर येतं.

P(D | T+) = P(D) P(T+ | D) / [ P(D) P(T+ | D) + P(D′) P(T+ | D′) ]

= (०.०२ × ०.८५) / (०.०२ × ०.८५ + ०.९८ × ०.०६)

= ०.०१७ / (०.०१७ + ०.०५८८) = ०.०१७ / ०.०७५८ = ०.२२४३

छेद म्हणजे P(T+), पॉझिटिव्ह येण्याच्या दोन्ही वाटांची बेरीज. एक वाट आजारातून, दुसरी निरोगीपणातून. परीक्षेत छेदाची बेरीज वेगळ्या ओळीत लिहा. तिथला एक घटक अंशाशी हुबेहूब जुळायला हवा. तो जुळत नसेल तर कुठेतरी आकडा बदलला आहे.

हाताने काढलेलं उत्तर संगणकावर पडताळायचं असेल तर एवढा कोड पुरतो:

```python
import random
random.seed(1)
N = 1_000_000
pos = sick_pos = 0
for _ in range(N):
    sick = random.random() < 0.02
    p = 0.85 if sick else 0.06
    if random.random() < p:
        pos += 1
        sick_pos += sick
print(pos / N, sick_pos / pos)
```

पहिला आकडा ०.०७५८ च्या आणि दुसरा ०.२२४३ च्या अगदी जवळ येईल. शेवटच्या ओळीत दुसऱ्या गुणोत्तराचा छेद `pos` आहे, `N` नाही. तिथे `N` टाकलात तर ०.०१७ च्या आसपास उत्तर येईल, आणि तीच चूक आता पुढच्या टप्प्यात भेटणार आहे.

## टप्पा ५: उत्तर चुकलं असेल तर ते कुठून आलं ते ओळखा

उदाहरणातले आकडे मुद्दाम एकमेकांपासून वेगळे ठेवले आहेत. संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही ९०% ठेवल्या तर चुकीचं उत्तर नक्की कुठल्या आकड्यावरून आलं ते कळत नाही. स्वतः सराव करतानाही समान आकडे टाळा.

८५% आलं: P(T+ | D) लाच P(D | T+) मानलं. टप्पा १ मधली शेवटची ओळ लिहिलीच नाही, किंवा लिहून विसरलात.

९४% आलं: विशिष्टता उचलली, किंवा 'चाचणी ६% वेळा चुकते, म्हणजे पॉझिटिव्ह निकाल ९४% वेळा खरा' असा विचार केला. ते ६% निरोगी लोकांतले आहेत, पॉझिटिव्ह आलेल्यांतले नाहीत.

९३.४% आलं: ही जास्त फसवी चूक. ०.८५ / (०.८५ + ०.०६) = ०.९३४. सूत्राचा आकार बरोबर आहे, पण ०.०२ आणि ०.९८ हे दोन गुणक गळाले. म्हणजे नकळत आजारी आणि निरोगी लोक निम्मे-निम्मे मानले गेले. उत्तरात प्रिव्हेलन्स कुठेच वापरलेला नाही हे लक्षात आलं की चूक सापडते.

१.७% आलं: ०.०२ × ०.८५ वर थांबलात. ही P(D ∩ T+), म्हणजे आजार आहे आणि चाचणीही पॉझिटिव्ह आहे अशी व्यक्ती संपूर्ण गटात सापडण्याची संभाव्यता. छेद अजून १०,००० च आहे, ७५८ झालेला नाही. 'आणि' व 'दिलेलं असताना' यांत गल्लत झाली की हे उत्तर येतं.

२८.९% आलं: १७० ला ७५८ ऐवजी ५८८ ने भागलं. हे खऱ्या आणि खोट्या पॉझिटिव्हचं गुणोत्तर आहे, ज्याला ऑड्स म्हणतात. ऑड्समधून संभाव्यता हवी असेल तर ०.२८९ / १.२८९ असं भागावं लागतं, आणि मग २२.४% येतं.

झटपट तपासणी: पॉझिटिव्ह निकालाने आजाराची संभाव्यता वाढायला हवी, कारण आजारी लोक निरोगी लोकांपेक्षा जास्त वेळा पॉझिटिव्ह येतात. उत्तर २% पेक्षा कमी आलं तर ते चूकच. १.७% वाल्यांना एवढी कसोटी पुरली असती.

## टप्पा ६: चाचणी तीच ठेवून प्रिव्हेलन्स बदलून बघा

दुसऱ्या गटात आजार २०% लोकांना आहे असं धरा. १०,००० मध्ये आजारी २,०००, त्यातले पॉझिटिव्ह १,७००. निरोगी ८,०००, त्यातले पॉझिटिव्ह ४८०. उत्तर १,७०० / २,१८० = ७८%.

उलट प्रिव्हेलन्स ०.२% असेल तर १,००,००० माणसं घ्या. आजारी २००, पॉझिटिव्ह १७०. निरोगी ९९,८००, पॉझिटिव्ह ५,९८८. उत्तर १७० / ६,१५८ = २.८%.

चाचणी एकच असली तरी उत्तर २.८% पासून ७८% पर्यंत फिरलं. म्हणून P(D | T+) हा नुसत्या चाचणीचा गुणधर्म नाही. तो चाचणी आणि गट मिळून ठरतो. प्रश्नात प्रिव्हेलन्स दिलेला नसेल तर एका आकड्यात उत्तर देताच येत नाही.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. वरच्या गणितात ८५% आणि ९४% दोन्ही गटांत कायम राहतात असं धरलं आहे. प्रत्यक्षात लक्षणं घेऊन आलेल्या रुग्णांत आजार पुढे सरकलेला असू शकतो, त्यामुळे संवेदनशीलता वाढू शकते. त्याच वेळी आजार नसलेल्यांना दुसरं काही दुखणं असेल तर विशिष्टता घसरू शकते. गृहपाठात हे आकडे स्थिर धरा, पण ते गृहीतक आहे हे लिहा.

## टप्पा ७: दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली तर

हाच प्रश्न पुढे वाढवून विचारला जातो, आणि इथे चांगले विद्यार्थीही अडखळतात. नेहमीची पद्धत अशी: पहिल्या चाचणीनंतरची संभाव्यता ही आता नवी सुरुवात. ७५८ जणांचीच पुन्हा चाचणी घ्या. १७० चे ८५% म्हणजे १४४.५, आणि ५८८ चे ६% म्हणजे ३५.२८. (सरासरी संख्या आहेत, त्यामुळे अपूर्णांकाला घाबरू नका.)

१४४.५ / (१४४.५ + ३५.२८) = ०.८०४

२२.४% वरून थेट ८०.४%. पण ५८८ ला पुन्हा ६% लावताना एक मोठं गृहीतक शिरलं: व्यक्तीची आजाराची स्थिती माहीत असेल, तर पहिल्या चाचणीच्या निकालावरून दुसरीबद्दल अधिक काही कळत नाही. याला सशर्त स्वातंत्र्य म्हणतात.

ते मोडतं कधी? समजा काही निरोगी लोकांच्या रक्तात असा एखादा घटक आहे, ज्यामुळे ही चाचणी चुकून पॉझिटिव्ह येते. तो घटक दुसऱ्या दिवशीही रक्तात असणारच, आणि तीच चाचणी पुन्हा तशीच चुकणार. कल्पना म्हणून धरा की ५८८ पैकी निम्मे, म्हणजे २९४ जण, पुन्हा पॉझिटिव्ह आले, आणि १७० पैकी १६० आले. आता उत्तर १६० / ४५४ = ३५.२%. अगदी टोकाला, सगळेच्या सगळे ७५८ पुन्हा पॉझिटिव्ह आले तर दुसऱ्या चाचणीने काहीच नवीन सांगितलं नाही, आणि उत्तर २२.४% वरच राहतं. म्हणूनच खात्रीसाठीची दुसरी चाचणी शक्य तिथे वेगळ्या तत्त्वावर चालणारी निवडतात.

सावधान: सशर्त स्वातंत्र्य म्हणजे साधं स्वातंत्र्य नव्हे. सशर्त स्वातंत्र्य पूर्ण पाळलं गेलं तरी दोन्ही निकाल एकमेकांवर अवलंबून दिसतात. पडताळून बघा: पहिली पॉझिटिव्ह असताना दुसरी पॉझिटिव्ह येण्याची संभाव्यता १७९.७८ / ७५८ = ०.२३७ आहे, तर कुठलीही माहिती नसताना ती ०.०७५८ आहे. पहिल्या निकालावरून व्यक्ती आजारी असण्याचा अंदाज बदलतो, आणि त्या वाटेने दुसऱ्या निकालाचाही. त्यामुळे P(T₁+ ∩ T₂+) काढण्यासाठी ०.०७५८ चा वर्ग करू नका. आजारी आणि निरोगी गटांत वेगवेगळं काढून मग बेरीज करा: (१४४.५ + ३५.२८) / १०,००० = ०.०१८. वर्ग केला असता तर ०.००५७ आलं असतं, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी.

## सरावासाठी एक प्रश्न, ज्यात एक आकडा गायब आहे

१९७८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेल्या एका छोट्या पाहणीत हार्वर्डशी संबंधित ६० डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना विचारलं होतं: आजार १,००० पैकी एकाला आहे, फॉल्स पॉझिटिव्हचं प्रमाण ५% आहे, पॉझिटिव्ह आलेल्या व्यक्तीला आजार असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त जणांनी ९५% सांगितलं. अपेक्षित उत्तर २% च्या आसपासचं होतं, आणि ते ६० पैकी ११ जणांनी दिलं.

टप्पा १ प्रमाणे आकडे लिहायला बसा, म्हणजे अडचण दिसेल: संवेदनशीलता दिलेलीच नाही. २% हे उत्तर येण्यासाठी ती १००% धरावी लागते. १,००,००० मध्ये १०० आजारी, सगळे पॉझिटिव्ह. ९९,९०० निरोगी, त्यातले ४,९९५ पॉझिटिव्ह. १०० / ५,०९५ = १.९६%. संवेदनशीलता ८०% धरली तर ८० / ५,०७५ = १.५८%. फरक फारसा पडत नाही, कारण छेद जवळजवळ पूर्णपणे त्या ४,९९५ जणांनीच भरलेला आहे. असा प्रश्न परीक्षेत आला तर आधी 'संवेदनशीलता १००% धरली आहे' असं एक वाक्य लिहा, आणि मगच कोष्टक काढा.